ऑफिसच्या भाषेत सरळ काय म्हणायचं असतं: फ्रेशर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठाचे रिझल्ट लागले की माझ्याकडे ऑफर लेटरचे फोटो यायला सुरुवात होते. बहुतेक सगळ्यांचा सूर एकच असतो, "ताई, ह्याचा अर्थ काय होतो बघा की जरा." मी आधी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्याचं पेरोल बघायचे, आता एका आयटी कंपनीच्या एचआरमधे आहे, त्यामुळे दोन्हीकडची बोली माहितीये. कारखान्यात सुपरवायझर सरळ सांगतो, "उद्यापासनं येऊ नकोस", आणि आयटीत तेवढ्याच गोष्टीला तीन मेल आणि दोन मीटिंगा लागतात.

सगळ्या उत्तरांत मी एकच युक्ती वापरलीये. गोड शब्द दिसला की तीन गोष्टी शोधायच्या: रक्कम किती, तारीख कोणती, आणि निर्णय कोण घेणार. ह्यातलं जे लिहिलेलं नाही, तिथेच काहीतरी झाकलेलं असतं.

1. ताई, 4 लाख 20 हजारांचं पॅकेज आहे. म्हणजे महिन्याला 35 हजार ना?

नाही. घरी पेढे वाटायचे तर वाट, पण रूमचं भाडं 35 हजारांवर ठरवू नकोस. सीटीसी म्हणजे तुझ्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. तुझा पगार हा त्यातला एक तुकडा. मागच्या महिन्यात एकाने पाठवलेलं लेटर जवळपास असंच होतं, आकडे थोडे गोल करून मांडते.

4,20,000 मधले 42,000 व्हेरिएबल. ते दरमहा येत नाहीत (बघ प्रश्न 2). उरले 3,78,000. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ जातो, बेसिक 15,000 धरला तर त्याचे 12 टक्के म्हणजे महिन्याला 1,800, वर्षाचे 21,600. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या 4.81 टक्के, वर्षाचे 8,658. हा 4.81 आकडा आकाशातनं पडलेला नाही, वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस 26 धरून, भागिले 12 केलं की तोच येतो. मग ग्रुप इन्शुरन्सचा प्रीमियम 5,742. हे तिन्ही मिळून 36,000 झाले, ते काढले की राहतात 3,42,000, म्हणजे महिन्याला 28,500. हा झाला तुझा ग्रॉस.

आता ह्यातनं तुझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापला की हातात 26,500. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स 300 असतो, म्हणून त्या महिन्यात 100 रुपये कमी आले तर एचआरला मेल टाकत बसू नकोस.

आता ह्यात फसवणूक कुठे आहे? खरं तर पीएफ हा तुझाच पैसा आहे, फक्त लगेच हातात येत नाही. कंपनीच्या 1,800 मधले 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात आणि 550 पीएफमधे, म्हणजे तुझे धरून महिन्याला 2,350 पीएफला जमतात. मला राग येतो तो ग्रॅच्युइटीचा. ती सीटीसीत दर वर्षी दाखवतात, पण कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग काढल्याशिवाय मिळत नाही. फ्रेशर दोन वर्षांत कंपनी बदलतो, म्हणजे तो आकडा त्याच्यासाठी फक्त कागदावरच. ठराविक मुदतीच्या करारावर असशील तर मात्र 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नवीन लेबर कोडनुसार एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, तेवढं लक्षात ठेव.

एचआरला एकच विचारायचं, "मॅडम, दर महिन्याला खात्यात नक्की किती जमा होतील, ते ब्रेकअपसकट मेलवर पाठवाल का?" हे विचारलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही.

2. व्हेरिएबल पे 10 टक्के लिहिलंय. ते मिळतंच ना?

कधी पूर्ण, कधी अर्धं, कधी काहीच नाही. लेटरमधे त्याच्या आजूबाजूचे शब्द वाच. "अप टू" असेल तर तो वरचा आकडा आहे, खाली शून्यापर्यंत जाऊ शकतो. "टार्गेट व्हेरिएबल" म्हणजे सगळं ठरल्यासारखं झालं तर मिळणारी रक्कम. "अ‍ॅट मॅनेजमेंट डिस्क्रिशन" म्हणजे आम्हाला वाटलं तर देऊ, वाटलं नाही तर विचारायचं नाही.

पण पोरं ज्यात सर्वात जास्त अडकतात ती ओळ वेगळीच आहे: पेआउटच्या तारखेला एम्प्लॉयी कंपनीच्या रोलवर असला पाहिजे, आणि नोटीस पीरियडमधे नसला पाहिजे. समज वर्ष मार्चला संपतं आणि व्हेरिएबल जूनच्या पगारात येतं. तू मे महिन्यात राजीनामा टाकलास तर अख्खं वर्ष राबून पण ते गेलं. पहिल्या वर्षी ऑगस्टमधे जॉइन झालास तर मिळालं तरी आठ महिन्यांचंच मिळणार.

3. "कन्फर्मेशन सब्जेक्ट टू परफॉर्मन्स अँड बिझनेस नीड्स" म्हणजे काय?

परफॉर्मन्स म्हणजे तू, बिझनेस नीड्स म्हणजे आम्ही. तू चांगलं काम केलंस तरी प्रोजेक्ट गेला तर आम्ही तुला कायम करू असं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इथे बघायच्या गोष्टी दोन. प्रोबेशनचे, म्हणजे कायम करण्याआधी पारखायचे सहा महिने संपले आणि कंपनीने काहीच कळवलं नाही तर काय, हे लेटरमधे लिहिलंय का? बऱ्याच लेटरमधे असतं की लेखी कन्फर्मेशन येईपर्यंत प्रोबेशन चालूच समजायचं. दुसरं म्हणजे प्रोबेशनमधे नोटीस किती. कंपनीला काढायला सात दिवस आणि तुला सोडायला साठ दिवस असलं एकतर्फी लेटर मी स्वतः पाहिलंय, ते दुरुस्त करून मागायला काहीच हरकत नाही. सहा महिने झाल्याच्या दिवशी एक छोटा मेल टाक, "माझा प्रोबेशन पीरियड आज पूर्ण झाला, कन्फर्मेशन लेटर कधी मिळेल?" मेल असला की तारीख कागदावर राहते.

4. शिरोलीच्या एका कंपनीत "ट्रेनी" म्हणून घेतायत, पण कुणी म्हणतं अप्रेंटिस आहे, कुणी म्हणतं ऑफ-रोल. फरक काय पडतो?

लई पडतो, आणि आपल्या एमआयडीसीत हा घोळ सगळ्यात जास्त आहे, शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागल.

ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी असशील तर तू बहुतेक वेळा कंपनीचा एम्प्लॉयी आहेस, पगाराची स्लिप येते, पीएफ कापला जातो. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली असशील तर तुला पगार नाही, स्टायपेंड मिळतो, पीएफ नसतो, आणि मुदत संपल्यावर तुला नोकरी द्यायचीच असं कंपनीवर कायद्याचं बंधन नाही. "ट्रेनिंग संपलं की अ‍ॅब्सॉर्ब करू" हे तोंडी वाक्य म्हणून मी शून्य धरते. ऑफ-रोल म्हणजे काम ह्या कंपनीचं, पण पगार देणारा ठेकेदार किंवा मॅनपॉवर एजन्सी. गेटवर आयकार्ड कुणाच्या नावाचं आहे आणि बँकेत पैसे कुणाकडून जमा होतात ते बघ, लगेच कळतं.

तिन्ही वाईट नाहीत. फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमधे वर्षभर अप्रेंटिसशिप केलेल्या पोराला पुढे मागणी असते. फक्त आपण कशावर सही करतोय ते माहीत पाहिजे.

5. मॅनेजर रोज बँडविड्थ, सर्कल बॅक, ऑफलाइन असलं काय काय बोलतात, मला मीटिंगमधे निम्मं कळतच नाही.

पहिल्या महिन्यात कुणालाच कळत नाही. "बँडविड्थ आहे का?" म्हणजे अजून एक काम देतोय, नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. "सर्कल बॅक करू" म्हणजे आत्ता उत्तर देत नाही, बहुतेक नंतरही देणार नाही. "हे ऑफलाइन घेऊया" म्हणजे सगळ्यांसमोर नको, आणि तू चुकीच्या माणसासमोर अडचणीचा प्रश्न विचारलायस. "जेंटल रिमाइंडर" मधे जेंटल काही नसतं. "अ‍ॅज पर माय लास्ट मेल" म्हणजे आधीचा मेल वाचला नाहीस, आणि आता साहेबांना सीसीत घेतलंय.

ह्या शब्दांना घाबरू नकोस, हे रोजचं आहे, त्यात कुणाची नोकरी जात नाही. उत्तर देताना फक्त तारीख टाकायची. "सर, बँडविड्थ आहे, पण रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय, हे आधी करू की ते?" म्हटलं की निर्णय त्यांच्याकडे जातो. पुढे रिपोर्ट लेट झाला तर शुक्रवार कुणी हलवला हे सगळ्यांना माहीत असतं.

6. मला "बेंच"वर टाकलंय. घरी सांगितलं तर आई म्हणाली बसून पगार मिळतोय की, चांगलंय. खरंच चांगलंय का?

सुरुवातीचे काही आठवडे, हो. आयटी सर्व्हिस कंपनी क्लायंटकडून तुझ्या तासांचे किंवा महिन्याचे पैसे घेते. तू प्रोजेक्टवर असलास की "बिलेबल", नसलास की बेंच, म्हणजे पगार जातोय पण येत काही नाही. म्हणून प्रत्येक कंपनीत बेंचवर किती दिवस राहता येतं ह्याची एक मर्यादा असते, कधी पॉलिसीत लिहिलेली, कधी नुसती वरच्यांच्या डोक्यात. ती मर्यादा कुठे लिहिलीये ते आधी शोध.

बेंचवर असताना कंपनीने दिलेल्या इंटर्नल इंटरव्ह्यूला नाही म्हणू नकोस, टेक्नॉलॉजी आवडती नसली तरी. आणि म्हणायचंच असेल तर कारण मेलवर लिहून दे. नंतर प्रश्न 8 मधल्यासारखी वेळ आली तर पहिला मुद्दा हाच निघतो, "तीन प्रोजेक्ट ऑफर केले होते, एम्प्लॉयीने रिफ्यूज केले."

7. अ‍ॅप्रेझलमधे सगळं चांगलं बोलले, शेवटी "थोडी व्हिजिबिलिटी वाढव" म्हणाले आणि रेटिंग 3 दिलं. नक्की काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. बऱ्याच कंपन्यांत रेटिंग वाटून द्यायचं असतं, वरचं रेटिंग ठराविक टक्के लोकांनाच. मॅनेजरने तुला 4 लावलं असेल, मग वरच्या मीटिंगमधे सगळ्या टीमचे आकडे जुळवताना ते 3 झालं. ह्याला "नॉर्मलायझेशन" म्हणतात. हे सरळ सांगायचं नसतं, म्हणून कारण शोधलं जातं, आणि व्हिजिबिलिटी हे कारण कुणालाही लावता येतं.

पण हाच शब्द कधीकधी खरा पण असतो, म्हणजे त्या जुळवाजुळवीच्या मीटिंगमधे तुझं नाव मॅनेजर सोडून कुणालाच माहीत नव्हतं. कुठलं ते ओळखायला विचार, "कोणत्या कामात, कुणापुढे दिसायला हवं होतं?" उत्तरात माणसाचं किंवा प्रोजेक्टचं नाव आलं तर सल्ला खरा. "ओव्हरऑल रे, जनरली" असं आलं तर आकडे आधीच ठरले होते.

8. मला पीआयपीवर टाकलंय. मेलमधे "सपोर्ट", "जर्नी" असं छान छान लिहिलंय. मला खरंच सुधारायची संधी देतायत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक रात्री अकरानंतर येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पीआयपी म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, बहुतेक 30, 60 नाहीतर 90 दिवसांचा. त्याचे दोन प्रकार असतात आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. एकात मॅनेजरला तू खरंच हवा आहेस. दुसऱ्यात निर्णय झालाय, फक्त फाइल तयार करायचीये, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर "आम्ही संधी दिली होती" असं दाखवता येतं.

असे मेल कसे असतात ते बघ, हा मी नमुना म्हणून लिहिलाय:

"तुझ्या ग्रोथ जर्नीला सपोर्ट करण्यासाठी पुढचे 30 दिवस आपण एक स्ट्रक्चर्ड प्लॅन फॉलो करू. ह्या काळात ओनरशिप आणि कम्युनिकेशनमधे लक्षणीय सुधारणा अपेक्षित आहे. प्लॅनच्या शेवटी योग्य ते नेक्स्ट स्टेप्स ठरवले जातील."

आता तीन गोष्टी शोध. आकडा: "लक्षणीय" म्हणजे किती? ओनरशिप कशात मोजणार? नाही लिहिलंय. तारीख: 30 दिवस आहेत, पण मधे रिव्ह्यू कधी, ते नाही. नाव: "ठरवले जातील", कोण ठरवणार ते नाही. तिन्ही गायब, म्हणजे हा मेल मला दुसऱ्या प्रकारचा वाटतो. खरा प्लॅन असा दिसतो: "दर आठवड्याला 12 टिकेट बंद, रीओपन 2 पेक्षा जास्त नको, दर मंगळवारी चार वाजता माझ्यासोबत रिव्ह्यू." असला मेल वाचून राग येईल, पण तो पास होता येतो.

मेलच्या बाहेरच्या खुणा पण बघायच्या. मॅनेजर रिव्ह्यूची मीटिंग दर वेळी पुढे ढकलतोय का, तुझं काम दुसऱ्याला "नॉलेज ट्रान्सफर" करायला सांगतायत का, पुढच्या महिन्याच्या प्लॅनिंगमधे तुझं नाव आहे का. नॉलेज ट्रान्सफर सुरू झालं असेल तर भावा, त्याच संध्याकाळी रेझ्युमे काढ.

दोन्ही प्रकारांत करायचं काम मात्र सारखंच. मेलला त्याच दिवशी शांतपणे उत्तर दे: "प्लॅन मिळाला. प्रत्येक मुद्द्यासाठी मोजता येईल असं टार्गेट आणि रिव्ह्यूच्या तारखा कळवाव्यात." दर आठवड्याला काय केलं ते चार ओळींत मेल कर. सही करायला सांगितली तर "मिळाल्याची पोच" एवढंच लिहून सही कर, चूक मान्य असल्याचं वाक्य असेल तर त्यावर नको. पगाराच्या स्लिपा आणि जुनी अ‍ॅप्रेझल लेटरं स्वतःकडे ठेव, ती तुझी आहेत. क्लायंटचा डेटा किंवा कोड मात्र पर्सनल मेलवर अजिबात पाठवू नकोस, मग त्यांना काढायला वेगळं आणि पक्कं कारण मिळतं.

9. एचआर म्हणतायत "तूच रिझाइन कर, रेकॉर्ड क्लीन राहील." करू का?

लगेच नाही. त्या मीटिंगमधे तर नाहीच. "विचार करून दोन दिवसांत कळवतो/कळवते" एवढं बोलून बाहेर ये.

ह्या वाक्यात थोडं खरं आहे. पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, तिथे "टर्मिनेटेड" पेक्षा "रिझाइन्ड" बरं दिसतं. पण कंपनीचाही फायदा आहे, तो कुणी बोलत नाही. कामगार ह्या व्याख्येत बसणाऱ्याला, म्हणजे मॅनेजर नसलेल्या, हाताचं, टेक्निकल किंवा क्लार्कचं काम करणाऱ्याला, एक वर्षाच्या सलग नोकरीनंतर कंपनीने कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. समज तीन वर्षं झालीत आणि पगार 30,000 आहे. भरपाई साधारण 45,000 आणि नोटिशीचे 30,000, मिळून 75,000. तू स्वतःहून राजीनामा दिलास की कपातीची भरपाई संपली, आणि नोटिशीचा प्रश्न पण उलटून तुझ्याकडे येतो.

आयटीतला इंजिनिअर कामगार ठरतो का ह्यावर वाद होतात, ते त्याच्या प्रत्यक्ष कामावर ठरतं, डेझिग्नेशनवर नाही. आणि पहिलं वर्ष पूर्ण झालं नसेल तर ही भरपाई लागू नाही, तेव्हा ऑफर लेटरमधली नोटीसच तुझा आधार.

राजीनामा द्यायचंच ठरलं तर फुकट देऊ नकोस. नोटीस पीरियडचा पूर्ण पगार, लास्ट वर्किंग डेची तारीख, रिलीव्हिंग आणि एक्स्पीरियन्स लेटर कधी मिळणार, शिल्लक रजांचे पैसे, हे सगळं आधी मेलवर घे, मग राजीनामा. आणि त्यात "पर्सनल रीझन्स" लिहायची सक्ती केली तर "कंपनीशी झालेल्या चर्चेनुसार" असं लिहून बघ, त्यावर ते किती अडतात त्यावरून तुलाच कळेल.

10. राइटसायझिंग, रिस्ट्रक्चरिंग, रोल रिडंडंट. हे पीआयपीपेक्षा वेगळं का?

हो. पीआयपीत दोष तुझ्यावर असतो, इथे नसतो. "रोल रिडंडंट" म्हणजे खुर्चीच काढली. मग तुझ्या परफॉर्मन्सचा विषय निघायला नको, आणि पैशाची बोलणी करायला तू जास्त चांगल्या जागी असतोस. त्याच मीटिंगमधे दोन्ही बोलायला लागले, की रोल पण नाही आणि तुझं काम पण बरोबर नव्हतं, तर त्यांना विचार की लेटरमधे ह्यातलं कोणतं कारण लिहिणार. पुढचं सगळं प्रश्न 9 प्रमाणे.

11. प्रत्येक वेळी असा संशयच घ्यायचा का? काही कंपन्या खरंच चांगल्या असतील की.

असतात की. माझ्या पाहण्यात पीआयपीतनं बाहेर पडून दोन वर्षांनी टीम लीड झालेली मुलगी आहे, तिच्या प्लॅनमधे पहिल्या दिवसापासून आकडे होते. कारखान्यात "थोडं थांब, ऑर्डर आली की घेतो" म्हणून खरंच परत घेतलेले ऑपरेटर पण मी बघितलेत. मॅनेजरला पण कधीकधी वरनं आलेलं वाक्य तसंच म्हणावं लागतं, त्याला स्वतःला पुढचं माहीत नसतं, तेव्हा त्याच्यावर डाफरून उपयोग नाही. म्हणून शब्दावरनं निकाल लावायचा नाही, प्रश्न विचारून उत्तरात काय येतं ते बघायचं.

12. इंटरव्ह्यूत मी पण असले शब्द वापरले तर इंप्रेशन पडेल का?

कागलच्या प्लांटमधे इंटरव्ह्यू असेल तर "मी सिनर्जी क्रिएट केली" म्हटल्यावर समोरचे प्रॉडक्शन मॅनेजर चहा पिता पिता थांबतील. "फायनल इयरच्या प्रोजेक्टमधे फिक्स्चर बदललं, एका जॉबचा सेटिंगचा वेळ 40 मिनिटांवरून 25 वर आला" असं सांग, खरं असेल तरच, कारण पुढचा प्रश्न फिक्स्चरवरच येणार. पुण्याच्या आयटी कंपनीत एचआर राउंडला एखाद-दुसरा शब्द चालून जातो, टेक्निकल राउंडला नाही. आणि "व्हाय शुड वी हायर यू"च्या उत्तरात "फास्ट लर्नर" म्हणणार असशील तर गेल्या सहा महिन्यांत काय शिकलास ते तयार ठेव.